अनुभव धागा : घर बदलताना ढेकूण-झुरळं सोबत गेली का?

पुढच्या महिन्यात आम्ही मनीषनगरहून त्रिमूर्तीनगरला जातोय. सागवानी दिवाणात ढेकूण झालेत. सासऱ्यांनी हौसेनं करवून घेतलेला दिवाण, टाकवत नाही. ज्यांनी असं सामान नेलंय त्यांनी कसं नेलं ते सांगा.

महालवाली
ताई, मे महिन्यात गादी दोन दिवस गच्चीवर टाका. नागपूरच्या उन्हात काय वाचणार! दिवाण महिनाभर रिकाम्या खोलीत ठेवला की उपाशी मरतात.

फवारणीवाला (१४ वर्षं हेच काम)
उन्हात गादीची वरची बाजू हात भाजेल इतकी तापते, खालची गारच राहते आणि ढेकूण तिकडेच सरकतात. अंडी मरायला आतपर्यंत ५० अंशांच्या आसपास उष्णता पोचावी लागते. आणि रक्त न मिळता ते दोन-तीन महिने सहज काढतात.

दिवाण इथेच पूर्ण खोला. फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोकं, खाचा टॉर्च लावून बघा. काळे ठिपके दिसले की ओल्या कापसानं पुसा. लालसर-तपकिरी फराटा उठला तर ती ढेकणांचीच घाण. अंडी पांढरी, तांदळाच्या कणीहून बारीक आणि लाकडाला चिकटलेली असतात, झाडून पडत नाहीत. वाफेच्या यंत्राचं तोंड सांध्याला टेकवून अगदी हळू फिरवा. भराभर फिरवलं तर आतलं लाकूड तापतच नाही. कोरडं झालं की खोलीतच प्लास्टिकमध्ये गुंडाळा, मग जिन्यात काढा. नव्या घरी आठ-दहा दिवसांनी पुन्हा खोलून बघा, राहिलेली अंडी तोवर फुटलेली असतात.

सीताबर्डीकर
आमची आजी खाटेवर उकळतं पाणी ओतायची. सागवानावर मी तेच केलं, तर पॉलिश पांढरं पडलं. ढेकूण गेले, पण दिवाणाकडे बघवत नाही.

धरमपेठची सून
माझं झुरळांचं आहे. किराणा दुकानातून फुकटची खोकी आणली होती. दीड महिन्यानं नव्या स्वयंपाकघरात पिल्लंच पिल्लं! एका खोक्याच्या तळाच्या घडीत शेंगेतल्या दाण्यासारख्या गडद तपकिरी, कडक तीन कोषिका चिकटलेल्या सापडल्या. त्यांच्यावर स्प्रे मारला होता, तरी एक फुटली.

फवारणीवाला
स्प्रे कवचाच्या आत जात नाही. कोषिका चिमट्यानं काढून ठेचायची. खोकी कोरी घ्या, सामान काढलं की त्याच दिवशी घराबाहेर.

वर्धारोड
आमच्या कपाटाला वाळवी होती. नेऊ नका, नवं घर पोखरेल.

फवारणीवाला
मागे मातीच्या नळ्या होत्या का? मग ती जमिनीतून भिंतीवाटे आलेली. मातीशी संबंध तुटला की कपाटातली वाळवी सुकून मरते. लाकडातून रव्यासारखे दाणे गळत असतील तर मात्र ती लाकडातच राहणारी जात, तसं कपाट नेऊ नका.

धागाकर्ती
काल दिवाण खोलला. डोक्याकडच्या पट्टीमागे ठिपक्यांची रांगच होती, कापूस लाल झाला. वाफेचं यंत्र भाड्यानं आणतेय. गादी कापसाची आहे, पिंजाऱ्याकडून पिंजून नवी खोळ घातली तर चालेल?

महालवाली
आम्ही तसंच केलं होतं, नंतर त्रास झाला नाही.

फवारणीवाला
कापसाची खात्री मी देणार नाही. शिवाय पिंजाऱ्याच्या दुकानात दुसऱ्यांच्याही गाद्या असतात, त्याला आधी सांगा.