विषय: नाशिक पालक ग्रुप – कुणाला काय करता यावं?

विद्या, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी,

आपल्यापैकी ज्यांचे आईवडील नाशिकला एकटे राहतात, त्यांच्यासाठी मंडळाने जो व्हॉट्सॲप ग्रुप केला आहे त्याबद्दल लिहिते आहे. या आठवड्यात तिथे दोन गोष्टी घडल्या. कुणाच्याच ओळखीचे नसलेले दोन नंबर ग्रुपमध्ये आले आणि त्यातल्या एकाने काही ज्येष्ठांना खाजगीत मेसेज करून शेअर बाजारातली 'खात्रीची' योजना सांगितली. पैसे कुणाचे गेले नाहीत, पण कॉलेज रोडच्या एका काकूंनी आधार कार्डाचा फोटो पाठवायची तयारी केली होती. मुलीचा फोन वेळेवर आला म्हणून त्या थांबल्या.

दुसरी गोष्ट. घरी येऊन रक्ताचा नमुना नेणारी लॅब, रात्री उघडं असणारं मेडिकल आणि ॲम्ब्युलन्स यांचे नंबर मी एका मेसेजमध्ये टाकले होते. तो मेसेज दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच फोनवरून नाहीसा झाला. आपण काही डिलीट केलं नाही असं सर्व ॲडमिन सांगतात.

माझा प्रस्ताव असा की ग्रुपमध्ये मेसेज फक्त ॲडमिनने टाकावेत. हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

विद्या

---

शरद, नाशिक

चि. विद्या,

तुझा प्रस्ताव मला मान्य आहे. त्यासोबत माणसं जोडायचा अधिकारही फक्त ॲडमिनकडे ठेव, म्हणजे अनोळखी नंबर येण्याचा प्रश्नच उरणार नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर मी स्वतः तसं केलं आहे आणि आजवर एकही परका माणूस आलेला नाही.

मेसेज नाहीसा होण्याचं म्हणशील तर तो कुणीतरी चुकून डिलीट केला असणार. ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो.

शरदकाका

---

प्रशांत, मेलबर्न

विद्याताई, हाच त्रास माझ्या आईला झाला. नाशिकरोडला असते. तिला कुणीही उठून कसल्याही ग्रुपमध्ये घालायचं. शेवटी तिच्या फोनमध्ये सेटिंग्ज, मग Privacy, त्यात Groups इथे जाऊन 'My contacts' निवडून दिलं. आता तिच्या फोनमध्ये ज्याचा नंबर सेव्ह नाही त्याला तिला थेट कुठेही जोडता येत नाही. सगळ्यांनी आपापल्या आईवडिलांच्या फोनमध्ये एवढं केलं की काम झालं, ग्रुपच्या सेटिंगला हात लावायची गरजच नाही.

प्रशांत

---

केतकी, इंदिरानगर, नाशिक

विद्याताई, शरदकाका, प्रशांत,

आमच्या सोसायटीचे आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप मी सांभाळते, त्यामुळे ग्रुपच्या सेटिंग्जमध्ये माझा बराच वेळ जातो. आधी एक विनंती करते: मेसेज बंद करू नका.

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठी काय होतं हे इथल्यांना सांगायला नको. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून पंचवटीतली माणसं आवराआवर सुरू करतात. आपल्या ग्रुपमधली काही घरं त्या भागातली आहेत. अशा रात्री एखाद्या आजोबांना 'जिन्यात पाणी आलंय, कुणी गाडी पाठवता का' असं लिहायचं असेल आणि खाली मेसेज लिहायची पट्टीच नसेल, तर त्या ग्रुपचा उपयोग काय? ते ॲडमिनला एकट्याला मेसेज करतील, आणि तो ॲडमिन न्यू जर्सीत मीटिंगमध्ये असेल. त्रास कुणाच्या लिहिण्याने झालेला नाही. परका नंबर आत आला आणि त्याला सगळ्यांचे नंबर दिसले, म्हणून झाला. त्याने ग्रुपवर एक अक्षरही लिहिलेलं नाही, तेव्हा मेसेज बंद असते तरी त्या काकूंना खाजगी मेसेज गेलाच असता.

काका, माणसं जोडण्याचा अधिकार ॲडमिनकडे घ्यायचा हे तुमचं बरोबर आहे, पण तेवढ्याने भागत नाही. 'Add other members' बंद केलं की साध्या सदस्याला कुणाला हाताने जोडता येत नाही. ग्रुपमध्ये येण्याच्या आमंत्रणाची आधीच बाहेर गेलेली लिंक मात्र चालूच राहते. ती ज्याच्याकडे असेल तो कुणालाही न विचारता आत येतो. तुमच्या संघाच्या ग्रुपची लिंक कधी फिरली नसेल, म्हणून तुम्हाला अनुभव आला नाही.

आपल्याकडे काय झालं ते ग्रुपवर मागे सरकत गेलं की कळेल. प्रत्येक नव्या माणसाबद्दल मध्ये एक बारीक ओळ असते. त्यात कुणी जोडलं त्याचं नाव असतं, नाहीतर लिंकवरून आल्याचं लिहिलेलं असतं. विद्याताई, त्या दोन नंबरांबद्दल काय लिहिलं आहे ते बघा.

त्याच वेळी 'disappearing messages' अशी ओळ कुठे आहे का तेही शोधा. मेसेज डिलीट झाला असेल असं मला वाटत नाही. डिलीट केला तर 'हा मेसेज डिलीट केला' अशी खूण जागेवर राहते. ठरावीक वेळाने आपोआप गेलेल्या मेसेजची जागाही राहत नाही. नवीन ग्रुपमध्ये हा टायमर कोणताही सदस्य लावू शकतो, कारण तो 'Edit group settings' या परवानगीखाली येतो आणि ती सुरुवातीला सगळ्यांनाच असते. ग्रुपचं नाव, फोटो, वर्णन, मेसेज पिन करणं हे सगळं त्याच एका बटणाखाली आहे.

प्रशांत, तू आईसाठी केलंस ते चांगलंच आहे, पण ते आईच्या फोनचं रक्षण झालं. ग्रुपमध्ये परका कोण येतो याच्याशी त्याचा संबंध नाही. उलट त्याची एक अडचण आहे. उद्या मी ॲडमिन म्हणून तुझ्या आईला जोडायला गेले आणि माझा नंबर तिच्याकडे सेव्ह नसेल, तर तिला फक्त आमंत्रण जाईल. ते तीन दिवसांत उघडलं नाही तर बाद होतं. ॲडमिनचे नंबर तिच्या फोनमध्ये आधी सेव्ह करून ठेव.

केतकी

---

विद्या, न्यू जर्सी

केतकी, बघितलं. दोन्ही नंबर लिंकवरूनच आले आहेत. सिंहस्थात राहायची सोय विचारणाऱ्या नातेवाइकांना कुणीतरी आपल्या ग्रुपची लिंक दिली, आणि ती तिथून पुढे गेली. 2027 जवळ येईल तसं हे वाढणारच.

टायमरही सापडला. आपल्यातल्याच एका काकांनी 24 तासांवर लावला होता. सुप्रभातच्या फोटोंनी त्यांचा फोन भरला होता आणि हे केल्याने फक्त आपल्या फोनमधली जागा मोकळी होईल असं त्यांना वाटलं. मी टायमर आत्ता बंद केला. गेलेला मेसेज परत आणता येईल का?

आणि परवानग्या नेमक्या कुठे, कोणत्या क्रमाने बदलू? ग्रुप सुरू करणारे आपले जुने अध्यक्ष अजून ॲडमिन आहेत, पण ते आता मंडळात नाहीत. त्यांना काढावं का?

विद्या

---

केतकी, इंदिरानगर, नाशिक

विद्याताई,

मेसेज परत येत नाही. टायमर चालू असताना पाठवलेले इतर मेसेजही टायमर बंद केल्यावर राहत नाहीत, आपापल्या वेळेला जातात. म्हणून गेल्या 24 तासांत कामाचं काही आलं असेल तर आजच पुन्हा पाठवा. नंबरांची यादी पिन करून विसंबू नका, पिन जास्तीत जास्त 30 दिवस राहते. यादी ग्रुपच्या वर्णनात टाका. तिथून ती हलत नाही आणि नंतर आलेल्या माणसालाही दिसते.

क्रम मात्र महत्त्वाचा आहे. आधी लिंक रद्द करा, मग माणसं काढा. उलटं केलं तर काढलेला नंबर सोडून दुसऱ्या नंबरावरून तोच माणूस जुन्या लिंकने परत येतो. ग्रुपच्या नावावर टॅप करा, लिंकने आमंत्रण द्यायच्या जागी 'Reset link' आहे. जुनी लिंक तिथल्या तिथे निकामी होते. आत असलेल्यांना काही होत नाही, म्हणून ते दोन नंबर त्यानंतर हाताने काढायचे.

मग त्याच पानावर 'Group permissions' उघडा. 'Edit group settings' आणि 'Add other members' बंद करा. मेसेज पाठवण्याचं बटण चालूच राहू द्या. काही फोनवर लिंकने आमंत्रण देण्याचं वेगळं बटण दिसतं, दिसलं तर तेही बंद. शेवटी 'Approve new members' चालू करा. यानंतर कुणी नव्या लिंकवरून आलं तरी विनंती ॲडमिनकडे थांबते.

विनंतीत साधारण नाव, फोटो आणि नंबर एवढंच दिसतं, आणि नाव काय, कुणीही 'सुलभा मावशी' लिहील. म्हणून आपण असं ठरवू की आईवडिलांचा नंबर मुलाने किंवा मुलीने आधी या ईमेल लिस्टवर न टाकता सचिवांना खाजगी मेलने कळवायचा. मेल आलेला नसेल तर विनंती नाकारायची, ती पुन्हा करता येते.

जुन्या अध्यक्षांना तुम्हाला काढता येणार नाही. ज्याने ग्रुप तयार केला त्याला इतर ॲडमिन काढू शकत नाहीत, तो स्वतः बाहेर पडेपर्यंत ॲडमिनच राहतो. त्यांना फोन करून विचारा. ते नाशिकच्या सिमवर व्हॉट्सॲप वापरत असतील आणि ते सिम बंद करणार असतील, तर आधी व्हॉट्सॲपमध्ये 'Change number' करायला सांगा, म्हणजे ग्रुप नव्या नंबरावर त्यांच्यासोबत जातील.

केतकी

---

शरद, नाशिक

केतकी, लिंकचं मला माहीत नव्हतं, आमच्या संघाची लिंकही आजच बदलतो. पण मंजुरीबद्दल माझी हरकत आहे. एखाद्या वहिनी रात्री दवाखान्यात असतील आणि त्यांना तेव्हाच ग्रुपमध्ये यायचं असेल, तर विनंती सकाळपर्यंत अडकून पडणार. ॲडमिन कोण आणि किती, ते आधी सांगा.

शरदकाका

---

केतकी, इंदिरानगर, नाशिक

काका, हा खरा मुद्दा आहे. जुलैत नाशिकला रात्रीचे 2 वाजले असतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दुपारचे साडेचार आणि मेलबर्नला सकाळचे साडेसहा. म्हणजे रात्रीची मंजुरी परदेशातल्यांनी बघायची, दिवसाची इथल्यांनी. न्यू जर्सीहून विद्याताई, मेलबर्नहून प्रशांत, नाशिकहून तुम्ही आणि मी. चारापेक्षा जास्त नकोत. कोणताही ॲडमिन आणखी ॲडमिन करू शकतो, आणि आत्ता बंद केलेली प्रत्येक परवानगी पुन्हा उघडू शकतो.

केतकी

---

प्रशांत, मेलबर्न

मी तयार आहे. आईच्या फोनमध्ये चौघांचे नंबर टाकायला शेजारच्या मुलाला सांगितलं आहे.

---

विद्या, न्यू जर्सी

लिंक बदलली, दोन्ही नंबर काढले, परवानग्या केतकीने सांगितल्या तशा केल्या. मेसेज सगळ्यांसाठी चालू आहेत. यादी वर्णनात टाकली आहे. कॉलेज रोडच्या मेडिकलचा नंबर लागत नाही असं एकांनी कळवलं, शरदकाका, तुम्ही जाऊन खात्री कराल का?

जुन्या अध्यक्षांना दोनदा फोन केला, उचलला नाही. त्यांचा इकडचा नंबर कुणाकडे असेल तर मला खाजगीत पाठवा.

विद्या