मदत हवी आहे: कटिंगवर सगळ्या लिफ्ट्स एकदम अडल्यात, डिलोड घेऊ की अजून रेटू?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. वय ३१, उंची ५ फूट ९. दिवाळीनंतर कटिंग सुरू केलं तेव्हा वजन ८४ होतं, आता ७७ आहे. रोज १६०० कॅलरी, त्यात प्रोटीन १२० ग्रॅमच्या आसपास. गेल्या महिन्याभरात वजन दोन किलोनं उतरलंय, म्हणजे काटा अजून हलतोय. अडलंय ते जिममध्ये.

स्क्वॉट ११० चे पाच रेप्स व्हायचे, आता १०० ला पाचवा रेप गुडघ्यात थरथरत वर येतो. डेडलिफ्ट १३० वरून १२० वर. बेंच ७५ चे पाच व्हायचे, आता ७० ला चौथ्यावरच बार छातीवर बसतो. आठवड्यात पाच दिवस जिम, पायाच्या दिवशी १८-२० सेट होतात. शिवाय संध्याकाळी रंकाळ्याला पळत एक फेरा.

झोप लागते पण पहाटे साडेतीनला टक्क जाग. सकाळची नाडी घड्याळात ५८ असायची, आता ६६ दाखवते. जिना चढताना मांड्या भरून येतात, तेही दोन दिवस आराम झाल्यावर. काम शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी.

जिममधला ट्रेनर म्हणतो कटिंगमध्ये ताकद उतरणारच, मनावर घेऊ नको. हे खरंच तेवढंच आहे का? डिलोड घ्यायचा तर कॅलरी तेवढ्याच ठेवायच्या का? व्यायाम कमी म्हणून खाणंही १४०० वर आणावं असं मनात आहे.

पेठेतला गडी

भावा, १६०० कॅलरीत फाउंड्री पण आणि १८ सेट पण? लेका, तुझी गाडी पेट्रोल टाकीत नसताना पन्हाळ्याचा घाट चढायला लागलीय. आमच्या तालमीत वस्ताद मैदानाच्या आधी मेहनत हलकी करायचे आणि खुराक तसाच ठेवायचे. दूध, बदाम, थंडाई, काही कमी नाही. आठ दिवस जिमचं तोंड बघू नकोस. रविवारी मटण आणि पांढरा रस्सा दाबून खा, दूध कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पी. नाद खुळा होतोय बघ.

कटिंग किंग

टेस्टोस्टेरॉन बूस्टर चालू कर, मला फरक पडला. आणि तुझं प्रोटीन कमी आहे, २०० पाहिजे.

लोखंडवाली

मी पॉवरलिफ्टिंग शिकवते, त्यामुळे असे लोक दर उन्हाळ्याआधी दारात येतात.

आधी ट्रेनरचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे. वजन उतरताना बेंच थोडी उतरते, कारण छाती-पाठीची जाडी कमी होते आणि बारला जास्त अंतर कापावं लागतं. पण तुझ्या तिन्ही लिफ्ट्स एकाच काळात खाली आल्यात. एकच लिफ्ट अडली असती तर मी तंत्र बघितलं असतं, नाहीतर त्या लिफ्टचा कार्यक्रम बदलला असता. सगळ्या मिळून खाली येतात, वर पहाटे जाग आणि न उतरणारा मांड्यांचा जडपणा, तेव्हा साठलेला थकवा धरायचा.

नाडीचं एक ध्यानात घे. बरेच दिवस कमी खाल्लं की सकाळची नाडी सहसा खाली जाते. तुझी वर गेलीय, म्हणून मला ती जास्त खुपते. पण रात्रपाळीच्या आठवड्यात आणि उकाड्यात ती तशीही चढते, चहा वाढला तरी चढते. दिवसपाळीतले आकडे वेगळे काढून बघ. एकट्या नाडीवर मी कधीच निर्णय घेत नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. १४०० वर अजिबात येऊ नको. डिलोडमध्ये लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथेच. व्यायाम कमी करतात ते शरीराला भरून काढायला वाव मिळावा म्हणून, आणि भरून काढायला लागणारं अन्नच काढून घेतात. मग आठवडा संपतो, माणूस तेवढाच थकलेला असतो आणि म्हणतो डिलोडचा काही उपयोग नाही.

खाणं किती वाढवायचं ते तुझ्याच आकड्यांवरून काढू. महिन्यात दोन किलो म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. एक किलो चरबीला साधारण ७७०० कॅलरी धरतात, म्हणजे रोजची तूट ५५० च्या आसपास. १६०० मध्ये ५५० मिळव, २१५०. तेवढ्यावर आज तुझं वजन स्थिर राहील. कॅल्क्युलेटर काहीही सांगू दे, हा आकडा तुझ्या काट्यानं दिलाय. वरच्या ५५० पैकी बहुतेक ज्वारीची भाकरी आणि भातातून घे, दोन भाकऱ्या आणि वाटीभर जास्त भात म्हणजे जवळपास तेवढं होतं. प्रोटीन आहे तेवढंच पुरे. ७७ किलोला १२० वाईट नाही, २०० ची गरज नाही. बूस्टरबद्दल बोलत नाही, माझा दिवस खराब होईल.

जिम बंद करू नको. सेट निम्म्यापेक्षा कमी कर, बारवरचं वजन फार उतरवू नको. स्क्वॉट ९० वर दोन सेट, प्रत्येकी तीन-चार रेप्स, बास. बेंच ६२.५, डेडलिफ्ट १०५ ते ११०, त्याच पद्धतीनं. प्रत्येक सेट संपताना अजून चार रेप्स निघाले असते असं वाटलं पाहिजे. उलट करणारे खूप आहेत. बार ५० वर आणतात आणि वीस सेट मारतात. त्यात थकवा तसाच राहतो आणि जड वजनाची सवय मात्र जाते. जिम तीन दिवस कर. पळणं बंद, रंकाळ्याला चाल हवं तर.

दोन-तीन दिवसांत काटा एक किलोनं चढेल. घाबरू नको. भाकरी-भातातला साखरेचा साठा स्नायूत भरतो तेव्हा दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी घेऊन बसतो.

@पेठेतला गडी, खुराक कमी करायचा नाही हे तुमचं अगदी बरोबर. पण मैदानाच्या आधी वस्ताद मेहनत हलकी करतात म्हणालात ना, पूर्ण बंद कुठे करतात?

पेठेतला गडी

बंद नाही करत, खरंय ताई. चार जोर, चार बैठका असायच्याच. पण दूध कट्ट्याचं मी मागं घेत नाही.

कृष्णाकाठ

माझंही असंच झालं होतं. मी पण कमी खाऊन जिम करत होते, केस गळायला लागले, हात कायम गार. पाळी दोन महिने आलीच नाही, मला वाटलं जिमचा ताण असेल. मग मी डिलोड म्हणून योगा सुरू केला, तरी काही फरक नाही. दादा, तुम्हीही योगा करून बघा, निदान झोप लागेल.

लोखंडवाली

@कृष्णाकाठ, तुमची गोष्ट याच्या पुढची आहे, योगाच्या भरवशावर सोडू नका. पाळी थांबणं म्हणजे शरीरानं अन्नाअभावी एक खातं बंद केलंय असं धरायचं, दुसरं काही कारण नाही ना तेही बघायचं. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि रोज काय खाता ते लिहून न्या. सलग तीन महिने नसेल तर अजिबात थांबू नका. यात व्यायाम कमी करून भागत नाही, खाणंच वाढवावं लागतं.

आकडेमोड

मला एक पटत नाही. थकवा की ओव्हरट्रेनिंग हे ओळखायचं कसं? प्रत्येक जण दोन दिवस दमला की ओव्हरट्रेनिंग म्हणतो.

लोखंडवाली

आधी ओळखता येत नाही, हेच तर अवघड आहे. नंतर कळतं. आठवडाभर सेट कमी करून, पोटभर खाऊन ताकद परत आली तर तो साधा साठलेला थकवा होता. खरं ओव्हरट्रेनिंग आठवड्यात सुटत नाही, महिने जातात, आणि जिमला जाणाऱ्या साध्या माणसात ते क्वचित दिसतं. म्हणून मी दोन आठवडे धरते. तेवढं खाऊन, झोपून, हलकं राहूनही माणूस तसाच मेलेला असेल तर जिमचं कारण शोधणं थांबवायचं आणि रक्त तपासायचं. हिमोग्लोबिन, फेरीटिन, बी-१२, डी, थायरॉईड, साखर. शाकाहारी लोकांत बी-१२ नं मला कितीदा तोंडावर पाडलंय.

मध्येच तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'बघू तरी आली का ताकद' म्हणून जड मारायचं नाही. उलट त्या दिवसांत अंग जास्तच सुस्त वाटतं कधी कधी. परीक्षा पुढच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी.

शिरोलीकर

परत आलोय. सांगितलं तसं केलं, दिवसपाळीचाच आठवडा मिळाला. २१५० खाल्लं, दोन दिवस थोडं वर गेलं कारण घरी पाहुणे होते. काटा ७८.१ पर्यंत चढला, ताई आधी बोलल्या नसत्या तर रात्रीचं जेवण सोडलं असतं.

परवा स्क्वॉट १०५ चे पाच आले आणि एक-दोन शिल्लक वाटले. डेडलिफ्ट १२५ चे पाच. बेंच मात्र ७० चे पाच कसेबसे, ७५ ला हात लावला नाही. झोप साडेपाचपर्यंत लागतेय. नाडी ६२, ५८ काही आली नाही. जिन्यावरचा जडपणा गेलाय.

आता परत १६०० वर जाऊ का? अजून तीन किलो काढायचेत.

लोखंडवाली

स्क्वॉट-डेडलिफ्ट परत आल्या म्हणजे स्नायू कुठे गेले नव्हते, थकव्याखाली दबले होते. बेंच राहिली ती मघाशी म्हटलं त्या कारणानं, ७७ किलोच्या अंगावर ती सध्या एवढीच असेल. कटिंग संपेपर्यंत ७० ला टिकव, ७५ च्या मागे लागू नको. नाडीचं बघत राहा.

१६०० वर जाऊ नको, १८५० वर जा. हळू उतरेल, महिन्याला किलोच्या थोडं वर. आणि पायाचे १८ सेट परत आणू नको, दहा-बारा ठेव. नाहीतर दीड महिन्यात हाच धागा वर येईल.

पेठेतला गडी

मी तर म्हणतो दर चौथा आठवडा हलका ठरवूनच टाक, लागो न लागो.

लोखंडवाली

ठरवून घेणारेही असतात, त्यात वाईट नाही. मी मात्र लिफ्ट्स बघते. दोन लिफ्ट्स लागोपाठ दोन वेळा खाली आल्या की हलका आठवडा, नाहीतर नाही. शिरोलीकरला दोन्हीचा मेळ घालता येईल, रात्रपाळी दर तिसऱ्या आठवड्याला आहेच, तोच हलका धरावा. तशीही त्यात झोप पुरत नाही.

शिरोलीकर

हे जमेल. पुढच्या सोमवारपासून रात्रपाळी आहे, त्या आठवड्यात जिम तीनच दिवस. पण मग त्या आठवड्यात खाणंही २१५० करायचं का? तसं केलं तर महिन्यातला एक आठवडा जवळपास वायाच जातो वजन उतरायला.

आकडेमोड

वाया कसा? पळायला परत सुरुवात करशील तेव्हा निघेल.

लोखंडवाली

पळणं पहिले दोन आठवडे नकोच. खाण्याचं म्हणशील तर रात्रपाळीत निदान २००० ठेव आणि स्क्वॉटचे आकडे इथे टाक, मग बघू.