दिव्यांग मुलासाठी 50 लाख : सगळे ॲन्युइटीत की ट्रस्टमध्ये?

धागाकर्ता : मुलगा 17 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. आमच्या पश्चात त्याच्या देखभालीसाठी 50 लाख बाजूला काढलेत. सगळे ॲन्युइटीत घालावेत, की ट्रस्ट करून म्युच्युअल फंडात?

मंगेश : ॲन्युइटीच घ्या. बाजार पडो की चढो, ठरलेली रक्कम तो आहे तोवर दरमहा येणार. फंड कधी विकायचा हे तुमच्यामागे कोण ठरवणार?

वैशाली : ‘ठरलेली’ इथेच तर गोम आहे. आजचे महिना 30,000 रुपये 6 टक्के महागाईने 30 वर्षांनी साधारण 5,200 रुपयांच्या मोलाचे उरतात. तेव्हा मुलगा 47 वर्षांचा असेल आणि सांभाळणाऱ्या माणसाचा पगार मात्र पाचपटीहून वाढलेला असेल. अन्न-औषधांपुरती ॲन्युइटी जरूर ठेवा, बाकी ट्रस्टमध्ये. विकायचं कधी, हे ट्रस्टच्या दस्तात लिहिता येतं : तीन वर्षांचा खर्च कायम मुदत ठेवीत, बाजार वर असताना फंड विकून ती भरायची, पडलेल्या बाजारात विकायचं नाही.

सुधीर : ट्रस्टवर सर्वात चढ्या दराने कर बसतो. त्यापेक्षा मुलाच्या बहिणीला नॉमिनी करा, ती बघेल.

वैशाली : चढा दर लागतो तो सहसा कुणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलं असेल तर. मुलगा एकटाच लाभार्थी आणि त्याचा वाटा दस्तात पक्का असेल, तर कर त्याच्याच स्लॅबने बसतो. नॉमिनी मालक नसतो, पैसे वारसाला द्यायचे असतात. मृत्युपत्राने बहिणीच्या नावावर केलेत तर ते तिचे होतात, उद्या तिच्या कर्जापायी जप्तही होऊ शकतात. थेट मुलाच्या नावावर ठेवलेत तर खातं चालवायला पालक लागेल, आणि 18 पूर्ण झाल्यावर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. वर्षभरात हे काम तुमच्यापुढे येणारच.

शकुंतला : याच न्यासाची निरामय योजना आहे ना, 1 लाखापर्यंतचा आरोग्य विमा? तो काढला की झालं.

मंगेश : ताई, तो उपचारांसाठी. प्रश्न जेवणाखाणाचा, राहण्याचा आहे. वैशालीताई, ॲन्युइटी अर्धीमुर्धी ठेवायचं मला पटलं. पण 30 वर्षांनी विश्वस्त कोण? बहीणही तेव्हा म्हातारी. संस्थेला नेमलं तर 50 लाखांवर तिची दरवर्षीची फी जड जाईल.

वैशाली : फीचं खरं आहे, त्याला माझ्याकडे स्वस्त उत्तर नाही. पुढचा विश्वस्त कुणी नेमायचा, हे दस्तात आत्ताच लिहा. आणखी एक बघा. मुलाच्या पश्चात उरलेली रक्कम बहिणीला मिळणार असेल, तर एकट्या तिला विश्वस्त करू नका. भावावर खर्च होणारा प्रत्येक रुपया तिच्याच वाट्यातून जातो.

सुधीर : सख्ख्या बहिणीवर इतका अविश्वास मला पटत नाही.

वैशाली : बहिणीनंतर तिची मुलं येतील, सुधीरभाऊ. दस्त त्यांनाही लागू होणार आहे.