बीओडी २.६ आला म्हणजे नदी सुधारली का?

महेश (कोपरखैरणे): आमच्या औद्योगिक पट्ट्यामागून जी छोटी नदी खाडीकडे जाते, तिच्या पाण्याचा नमुना आम्ही काही रहिवाशांनी वर्गणी काढून एका खाजगी लॅबमध्ये दिला होता. रिपोर्ट आला: बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन, २.६; सीओडी, म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, १९०; आणि विरघळलेला ऑक्सिजन १.४ (सगळं मिलीग्रॅम प्रति लिटर). बीओडी ३ च्या आत असेल तर पाणी चांगलं समजतात असं वाचलं. पण पाण्याला उग्र वास आहे आणि मासा एकही नाही. मग आकडा खरा मानायचा की नाक?

रवी (रबाळे, कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा ईटीपी बघतो): आकडाच मानायचा. अंघोळीच्या पाण्यासाठी बीओडी ३ पर्यंत चालतो, तुमचा त्याखाली आहे. जिवाणूंना खाण्यासारखं पाण्यात फारसं काही उरलेलं नाही, एवढाच याचा अर्थ. सीओडी १९० म्हणजे जिवाणूंना न पचणारी रसायनं. ती ऑक्सिजन ओढत नाहीत. कारखान्यातून प्रक्रिया करून सोडलेल्या पाण्यालासुद्धा सीओडी २५० पर्यंत मुभा आहे. वासावरून प्रदूषण ठरवायला लागलो तर मोजमापाला अर्थच उरणार नाही. ईटीपी चालवणाऱ्या माणसांची मेहनतही कधीतरी मान्य करा.

शुभांगी (ठाणे): रवी, मेहनत मान्य आहे, पण या रिपोर्टवर तुमचा निष्कर्ष टिकत नाही. मी एकोणीस वर्षं पाण्याच्या लॅबमध्ये बीओडीच्या बाटल्या लावल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बीओडीत आपण घाण मोजत नाही, जिवाणूंची भूक मोजतो. ३०० मिलीच्या काचेच्या बाटलीत नमुना आणि सौम्य करायचं पाणी काठोकाठ भरतो. हवेचा एक बुडबुडाही राहू द्यायचा नाही. बूच घट्ट बसवून हवा आत जाऊ नये म्हणून बुचाभोवती पाणी ठेवायचं आणि बाटली २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायची. अंधार यासाठी की उजेडात शेवाळ ऑक्सिजन तयार करतं आणि हिशोब बिघडतो. पहिल्या दिवशी किती ऑक्सिजन होता, तीन दिवसांनी किती उरला, यातल्या फरकावरून बीओडी निघतो. म्हणजे सगळी चाचणी बाटलीतले जिवाणू जिवंत आणि धडधाकट आहेत या गृहीतावर उभी आहे. पाण्यात तांबं, क्रोमियम, फिनॉल किंवा क्लोरीन पुरेसं असेल तर जिवाणू मरतात, ऑक्सिजन कुणी खात नाही आणि बीओडी सुरेख येतो. पाणी विषारी आहे म्हणून तो आकडा कमी असतो.

हे ओळखायचं कसं, तर एकाच नमुन्याच्या तीन-चार वेगवेगळ्या सौम्यता लावायच्या, म्हणजे तो कमीजास्त पातळ करून वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवायचा. माझ्या हातून गेलेला एक नमुना सांगते. रंगाच्या कामाचं पाणी मिसळणाऱ्या नाल्याचा होता. आधी हवा मिसळून घेतली होती आणि प्रत्येक बाटलीत जिवंत जिवाणूंचं बियाणं म्हणून थोडं घरगुती सांडपाणी घातलं होतं. नुसतं बियाणं तेवढ्या दिवसांत ०.६ ऑक्सिजन खातं, तो वजा करायचा.

पहिल्या बाटलीत १५० मिली नमुना, म्हणजे निम्मं पाणी. ऑक्सिजन ७.४ वरून ५.९ वर आला. फरक १.५, त्यातून ०.६ गेले, उरले ०.९, गुणिले २, म्हणजे बीओडी १.८. दुसऱ्या बाटलीत ३० मिली नमुना: ७.७ वरून ५.३. तोच हिशोब करून १.८ गुणिले १०, म्हणजे १८. तिसऱ्या बाटलीत फक्त ६ मिली: ७.८ वरून ५.८. उरलेले १.४ गुणिले ५०, म्हणजे ७०.

पाणी एकच आणि बीओडी १.८, १८ आणि ७०! बिनविषारी सांडपाण्यात हे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. इथे पाणी जितकं पातळ केलं तितकं विष पातळ झालं आणि जिवाणू खायला लागले. ७० हासुद्धा शेवटचा आकडा नाही, आणखी पातळ केलं असतं तर वाढलाही असता. नियम असा आहे की बाटलीत निदान २ मिलीग्रॅम ऑक्सिजन खर्च झाला पाहिजे आणि शेवटी निदान १ उरला पाहिजे. पहिली बाटली त्या नियमानेच बाद होते. पण ज्या लॅबने तेवढी एकच बाटली लावली, ती १.८ लिहून मोकळी होते.

महेश, लॅबला दोन गोष्टी विचारा: किती सौम्यता लावल्या आणि बियाणं घातलं होतं का. शिवाय त्या आठवड्यात ग्लुकोज आणि ग्लुटामिक आम्लाची, म्हणजे जिचा बीओडी आधीच माहीत असतो ती, तपासणी बाटली बरोबर आली होती का तेही विचारा. ती बाटलीच चुकली असेल तर लॅबचं बियाणं किंवा पाणी खराब आहे.

अनंत (कळवा): मला तर ही तीन दिवसांची चाचणीच पळवाट वाटते. आमच्या कॉलेजात १९८० च्या सुमारास पाच दिवस २० अंशांवर शिकवलं होतं. दोन दिवस कमी केले की आकडा कमी येणारच, कारखान्यांची सोय. त्यापेक्षा बीओडी सोडा आणि सरळ सीओडीवर या. दोन तास उकळलं की उत्तर हातात, जिवाणू मेले-जगले हा प्रश्नच नाही.

शुभांगी: अनंतकाका, दिवस कमी केले हे खरं, पण तापमान सात अंशांनी वाढवलं. उबेत जिवाणू जास्त वेगाने खातात, म्हणून तीन दिवस २७ अंश हे साधारण पाच दिवस २० अंशांच्या जवळ जातं. आपल्या हवेत २० अंश राखणं म्हणजे इन्क्युबेटर सतत थंड करत बसणं, आणि वीज गेली की बाटल्या तापतात. पाच दिवसांचा हिशोब इंग्लंडच्या नद्यांवरून आला. १९१२ च्या तिथल्या रॉयल कमिशनच्या अहवालापासून तो रुळला. तिथलं नदीचं पाणी समुद्राला पोहोचायला पाच दिवसांपेक्षा जास्त लागत नाहीत, असं कारण सांगतात.

सीओडीबद्दल तुमचं निम्मं पटतं. विषारी पाण्यात तो फसत नाही, म्हणून महेशच्या रिपोर्टमधला १९० मला २.६ पेक्षा विश्वासाचा वाटतो. घरगुती सांडपाण्यात बीओडी सीओडीच्या साधारण निम्मा असतो. इथे तो शंभरात दीडसुद्धा नाही. पण सीओडीत वापरतात ते डायक्रोमेट जिवाणूंना पचणारं आणि न पचणारं यात भेद करत नाही. आणि आपल्याकडे खाडीची भानगड आहे. भरतीला खारं पाणी नदीत वर चढतं, त्यातलं क्लोराइडही डायक्रोमेट खातं आणि सीओडी खोटा फुगतो. मर्क्युरिक सल्फेट घालून ते आवरतात, पण क्लोराइड लिटरला २००० मिलीग्रॅमच्या वर गेलं की नेहमीची पद्धत हात टेकते. समुद्राच्या पाण्यात ते १९,००० च्या आसपास असतं. महेश, नमुना भरतीला घेतला होता की ओहोटीला?

वैशाली (खारघर): विषय निघालाच आहे तर आमच्या सोसायटीचं विचारते, मी सचिव आहे. आमच्या एसटीपीचं, म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, वास नाही, बागेला वापरतो. तरी बीओडी २४ आला आणि सीओडी ४५. ऑपरेटर म्हणतो, नमुना भरण्याआधी टाकीत क्लोरीनचं हायपो ओता, आकडा खाली येईल. ओतू का?

शुभांगी: ओतू नका, वैशालीताई. क्लोरीनने जिवाणू मरतील आणि आकडा खोटा खाली येईल. प्रामाणिक लॅब सोडियम सल्फाइट घालून क्लोरीन आधी मारते आणि वरून बियाणं घालते, त्यामुळे डाव फसेलही. तुमची अडचण मला महेशच्या उलट दिसते. चांगल्या चालणाऱ्या एसटीपीत अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू वाढतात. ते बाटलीतही काम करत राहतात, ऑक्सिजन खातात आणि तो सगळा खर्च बीओडीच्या नावावर पडतो. लॅबला सांगा, एक बाटली अलाइलथायोयुरिया घालून लावा. त्याने फक्त तेच जिवाणू थांबतात. ती बाटली १० च्या आत आली तर एसटीपी ठीक आहे, अमोनियाकडे वेगळं बघा. तीही २४ आली तर हवा पुरवणाऱ्या ब्लोअरकडे बघा.

रवी: ताई, सौम्यतेचा मुद्दा मान्य, एकाच बाटलीवर मीही सही करणार नाही. पण बियाण्याचं काय? घरगुती सांडपाण्याचं बियाणं घातलं तर त्याला आमची रसायनं पचत नाहीत, बीओडी कमी येतो. नदीच्या खालच्या अंगाचं, त्या रसायनांना सरावलेलं बियाणं घातलं तर तोच नमुना दुप्पट दाखवू शकतो. कारखान्याने कुठल्या आकड्याला उत्तर द्यायचं? आणि ऑक्सिजन १.४ आहे म्हणून बीओडी खोटा, असं कुणी म्हणणार असेल तर तेही सिद्ध होत नाही. तळाला वर्षानुवर्षांचा गाळ आहे, तो वरच्या पाण्यातला ऑक्सिजन ओढतो. गाळ बाटलीत येत नाही.

शुभांगी: गाळाचं बरोबर आहे, मी ते नाकारत नाही. पण गाळाला सगळा दोष देण्याआधी सौम्यतेचे आकडे बघू. बियाण्याबद्दल माझं मत असं की नदीत जे जिवाणू त्या पाण्याला सामोरे जातात, त्यांचीच भूक मोजावी. सोडण्याच्या जागेपासून काही किलोमीटर खालचं पाणी बियाणं म्हणून घ्यावं. त्याने कारखान्याचा आकडा वाढतो हे मला माहीत आहे, आणि दोन लॅबचे आकडे मग जुळत नाहीत हा तुमचा आक्षेपही खरा आहे. निदान रिपोर्टवर बियाणं कुठलं ते लिहिलेलं असावं.

अनंत: मग माशांनाच विचारा की! सोडलेल्या पाण्यात मासे ९६ तास ठेवायचे आणि त्यातले ९० टक्के जगले पाहिजेत, असाही नियम आहे ना?

शुभांगी: आहे, काका, आणि या प्रकरणात तीच चाचणी बीओडीच्या शेजारी हवी. फक्त ती कारखान्याच्या पाण्यासाठी आहे. नदीच्या पाण्यावर करायची तर आधी हवा सोडून ऑक्सिजन पुरेसा करून घ्यावा लागेल, नाहीतर मासे १.४ ऑक्सिजननेच मरतील आणि विषाचं काही कळणार नाही.

महेश: लॅबला फोन केला. एकच सौम्यता लावली होती, निम्मं पाणी, बियाणं नाही. नमुना आम्ही दुपारी भरतीला घेतला होता आणि तो गाडीत बर्फाशिवाय चार तास होता. या शुक्रवारी सकाळी ओहोटीला पुन्हा घेतोय, बर्फाच्या पेटीत. शुक्रवार यासाठी की लॅब रविवारी बंद असते. गुरुवारी लावलेल्या बाटल्या सोमवारीच उघडल्या जातील आणि तीनाचे चार दिवस होतील. चार सौम्यता सांगितल्या आहेत. रवी, खालच्या अंगाचं पाणी बियाणं म्हणून घेताना तुम्ही बरोबर याल का? जागा आपण दोघांनी मिळून ठरवू.

रवी: येतो. पण सांडपाण्याच्या बियाण्याचाही एक संच लावायचा, आणि दोन्ही आकडे इथे टाकायचे.