टीव्हीचं बफरिंग: डीएनएस बदलून खरंच फरक पडतो का?

डोंबिवलीकर: हॉलमधला ४३ इंची स्मार्ट टीव्ही, रात्री नऊनंतर दर दोन-तीन मिनिटांनी गोल फिरायला लागतं. त्याच सोफ्यावर बसून मोबाईलवर तीच मालिका एकदम सुरळीत चालते. प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, अॅपची कॅश क्लिअर करून झाली. भाऊ म्हणतो डीएनएस बदल, केबलवाला म्हणतो टीव्ही जुना झालाय. कुणाचं ऐकू?

सातारकर: भावाचं ऐका. आमच्याकडे सेम प्रॉब्लेम होता, टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन 8.8.8.8 टाकलं, टीव्ही बंद-चालू केला, त्यानंतर महिनाभर एकदाही अडकलं नाही.

वायरमन_काका: मला हे पटत नाही. डीएनएस म्हणजे नाव सांगून पत्ता विचारणं, पत्ता मिळाला की व्हिडिओ सरळ सर्व्हरकडून येतो. तिथे गडबड असेल तर अॅप उघडायलाच वेळ लागतो, पोस्टर रिकामे दिसतात, प्ले दाबलं तरी सुरू होत नाही. इथे सुरू होतंय आणि मधेच दम लागतोय. शिवाय फोन आणि टीव्ही एकाच राउटरवर, दोघांना डीएनएस तोच राउटर देतो, मग फोन का नाही अडकत? (फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस वेगळा टाकला असेल तर गोष्ट वेगळी.) आणि तुम्ही टीव्ही बंद-चालू पण केलात ना, म्हणजे वायफाय नव्याने जोडलं गेलं, फरक त्याचाही असू शकतो.

सातारकर: काका, पण कुठल्या सर्व्हरकडे पाठवायचं हे डीएनएसवरच ठरतं ना? लांबच्याकडे पाठवलं तर अडकणारच.

वायरमन_काका: बऱ्याच सर्व्हिसेसच्या बाबतीत हो, हे मान्य. पण ते उलटंही बसतं. इंटरनेटवाल्याने जवळच सर्व्हर ठेवलेला असतो आणि बाहेरचा डीएनएस टाकल्यावर तुम्ही लांबच्याकडे जाऊ शकता. म्हणून आधी मोजा, मग बदला. डोंबिवलीकर, टीव्हीच्या ब्राउझरमध्ये fast.com उघडा, रात्री सव्वानऊला, आणि लगेच तिथेच बसून फोनवर पण. दुपारी मोजून काही कळणार नाही, शेजाऱ्यांचे राउटर रात्रीच जोरात असतात.

मालवणी_मुलगी: आमच्याकडे तर मॅचच्या वेळी फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळंच अडकतं, डीएनएस बदलूनही काही नाही 😭

वायरमन_काका: ताई, सगळंच अडकत असेल तर तुमचा प्रश्न लाईनचा किंवा तिकडच्या सर्व्हरचा, यांचा एकट्या टीव्हीचा आहे.

नीता_पुणे: स्टोरेज कुणीच बघत नाहीये! माझ्या टीव्हीत ८ जीबी, त्यातले जेमतेम ३०० एमबी उरलेले, न वापरलेली चार अॅप्स उडवल्यावर सुरळीत झालं.

वायरमन_काका: होऊ शकतं, पण मग रिमोट दाबल्यावर मेन्यू पण रखडतो. नुसतंच गोल फिरतंय आणि मेन्यू झटपट चालतोय तर स्टोरेजवर माझा संशय कमी.

डोंबिवलीकर: मेन्यू एकदम फास्ट आहे. सव्वानऊला मोजलं, टीव्हीवर ४.८, फोनवर ९२!! टीव्हीच्या वायफाय यादीत आमच्या राउटरची दोन नावं यायला हवीत, तर 5G वालं नाव दिसतच नाही.

वायरमन_काका: मग टीव्ही २.४ गिगाहर्ट्झवाला आहे आणि फोन ५ वर बसलाय. फोनमध्ये दुसरं नाव निवडून त्याच सोफ्यावरून परत मोजा.

डोंबिवलीकर: फोन पण ११ वर आला. म्हणजे टीव्ही बिचारा निर्दोष?

वायरमन_काका: बराचसा. फोनला ११ आणि टीव्हीला ४.८, कारण त्याचा अँटेना पॅनेलच्या मागे, भिंतीला चिकटलेला. एचडीला साधारण ५ लागतात, म्हणून कड्यावरच चाललंय. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चा चॅनल ऑटोवरून काढा, १, ६, ११ पैकी सगळ्यात मोकळा असेल तो निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. पक्का उपाय लॅन केबलच.

नीता_पुणे: टीव्हीचं लॅन पोर्ट १०० चंच असतं ना, मग काय फायदा?

वायरमन_काका: ४के ला पण २५ च्या आसपास पुरतात, ताई. १०० च्या पोर्टवर साधारण ९४ मिळतात, आणि रात्री पण तेवढेच राहतात, ते महत्त्वाचं.

डोंबिवलीकर: चॅनल ११ केला, टीव्हीवर आता १९. तीन रात्री काही अडकलं नाही, पण शनिवारी परत ९ वर आलं. केबल पॅसेजमधून आडवी टाकायला घरून नकार आहे, घर भाड्याचं, भिंतीला ड्रिल करता येत नाही. राउटरच हॉलमध्ये आणता येईल का, फायबरची वायर बेडरूमपर्यंतच आहे.

सातारकर: डीएनएस एकदा बदलून बघायचं म्हटलं तर फुकटच आहे ना, दोन मिनिटं लागतात.

वायरमन_काका: बघा की, पण चॅनलच्या रात्री वेगळ्या आणि डीएनएसच्या वेगळ्या ठेवा, नाहीतर शनिवारी काय बिघडलं ते परत कळायचं नाही.