मदत हवी आहे: पार्किंग सोडतीच्या शफलमध्ये दुसऱ्या नावाला झुकतं माप का मिळतंय?

सातपूरकर
नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला आमची 14 घरांची सोसायटी आहे. बिल्डिंगखालच्या पार्किंगची सोडत काढायची आहे, ज्याचा नंबर आधी त्याने जागा आधी निवडायची. चेअरमन काकांनी काम माझ्या गळ्यात घातलं. पायथनमध्ये हे लिहिलंय:

```python
for i in range(n):
    j = random.randrange(n)
    a[i], a[j] = a[j], a[i]
```

अ, ब, क अशी तीनच नावं घालून लाखभर वेळा चालवून पाहिलं. अ तिन्ही जागांवर सारखाच येतो. पण पहिला नंबर ब ला 37 टक्के वेळा लागतो आणि क ला जेमतेम 29-30. `randrange` मध्येच काही गडबड आहे का?

द्वारका_सर्कल
randrange ठीक आहे. लूप एकदा फिरवून नीट मिसळत नाही, एवढंच. पत्ते आपण एकदाच पिसतो का? दोनदा फिरवा, काम झालं.

भिशीवाली_काकू
आमच्या भिशीत चिठ्ठ्या टाकतो आणि कोणाच्या तरी लहान मुलाकडून उचलतो. आजवर भांडण नाही. 14 नावांसाठी प्रोग्रॅम कशाला हवा?

जुना_लेखनिक
काकू, तुमची पद्धत चोख आहे. उचललेली चिठ्ठी परत डब्यात जात नाही. सातपूरकरांच्या कोडमध्ये ती परत जाते, घोळ तिथेच आहे.

तीन पायऱ्या, प्रत्येकीला तीन पर्याय, म्हणजे 27 वाटा. सगळ्या सारख्याच शक्यतेच्या. नावांचे क्रम मात्र 6 च. 27 वाटा 6 क्रमांत सारख्या वाटताच येत नाहीत. मोजल्या तर तीन क्रमांना 5-5 आणि तिघांना 4-4 येतात.

आता ब चा माग काढा. पहिल्या पायरीनंतर 9 वाटांत तो पहिल्या जागी असतो, 18 वाटांत मधेच. दुसरी पायरी मधल्यालाच उचलते, म्हणून त्या 18 पैकी 6 वाटांत ब पुढे जातो. आधीच पुढे असलेल्या 9 पैकी 3 वाटांत मागे येतो. झाले 12. तिसऱ्या पायरीत त्यातले 4 शेवटच्या जागी जातात आणि शेवटी असलेल्या 6 पैकी 2 वाटांत तो पुढे येतो. एकूण 10. 27 पैकी 10 म्हणजेच तुमचे 37 टक्के. क च्या वाट्याला अशाच हिशोबाने 8 येतात.

अ मात्र पहिल्याच पायरीत तिन्ही जागांवर समान विखुरतो आणि पुढच्या अदलाबदलींनी ती समानता मोडत नाही. त्यामुळे फक्त यादीतलं पहिलं नाव तपासणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही. दोन नावं घालून तपासलं तरी नाही, कारण 4 वाटा 2 क्रमांत बरोबर वाटल्या जातात.

@द्वारका_सर्कल, दोनदा फिरवलं की 729 वाटा होतात. विषम संख्येला 6 ने भाग कसा जाणार? फरक कमी होईल, जाणार नाही.

बदल एकाच ओळीत करायचा:

```python
j = random.randrange(i, n)
```

ठरलेल्या जागांना पुन्हा हात लावायचा नाही. वाटा 3×2×1, म्हणजे 6 क्रमांना 6 वाटा. ही फिशर आणि येट्स यांची 1938 ची पद्धत. जागच्या जागी अदलाबदल करणारं रूप डर्स्टेनफेल्डने 1964 मध्ये दिलं.

सातपूरकर
आता तिघेही 33 वर आले! एक शंका: स्वतःची स्वतःशीच अदलाबदल कशाला? `i+1` पासून घेतलं तर?

जुना_लेखनिक
मग कोणीच आपल्या मूळ जागी राहू शकणार नाही. तिघांत 6 पैकी 2 च क्रम निघतील. शिवाय शेवटच्या फेरीत रेंज रिकामी, एरर येईल. पायथनचं तयार `random.shuffle(a)` वापरलंत तर हा प्रश्नच मिटतो.

द्वारका_सर्कल
बरं, वाटांचं पटलं. पण 14 नावांत हा फरक कोणाला कळणार होता?

जुना_लेखनिक
एका सोडतीत कोणालाच नाही. पण यादी फ्लॅट नंबरने लावली असेल, तर कोणाला झुकतं माप मिळणार हे सोडतीआधीच माहीत असतं.

सातपूरकर
सभासदांना निकाल घरी परत चालवून पाहायचाय, म्हणून सोडतीची तारीख सीड म्हणून देणार आहे. चालेल ना?

पंचवटी_एक्स्प्रेस
तारीख कमिटीच ठरवणार ना? मग आधी चार तारखा चालवून, हवा तो निकाल देणारी निवडता येईल की.

जुना_लेखनिक
बरोबर हेरलंत. प्रत्येक सभासदाकडून एक आकडा घेऊन बेरीज सीड म्हणून वापरता येईल, पण शेवटी सांगणारा बाकीचे ऐकून आपला आकडा ठरवू शकतो. आकडे बंद पाकिटात घ्यावे लागतील.

भिशीवाली_काकू
पाकिटं गोळा करणारच आहात, तर त्यातच नावं टाका की.