मदत हवी आहे: भावाला सायकोसिस होऊन गेला, आता घरातली बोलणी कशी थांबवायची?

कलमाखालची

नमस्कार मंडळी. माहेर देवगडजवळच्या गावात, मी लग्न होऊन कणकवलीला असते. धाकटा भाऊ 24 वर्षांचा, पावसाळ्यात त्याला सायकोसिस झाला, शेजारचे जेवणात काहीतरी घालतायत, मोबाइलमधून आपलं बोलणं ऐकतायत असं सगळं. ॲडमिट केला होता, आता घरी आहे, गोळ्या चालू आहेत, भास नाहीत, संशयही बराच कमी.

पण घरी दिवसभर युद्ध चालू असतं. तो अकरापर्यंत उठत नाही, आंघोळीला चार वेळा सांगावं लागतं, बोललं तर हो-नाही एवढंच. आणि आता आंब्याचा सीझन, बाबांना माणूस मिळत नाही, मग सकाळपासून सुरू, "मेल्या, अकरा वाजले, अजून लोळतंस?" नि लोकांची पोरं कशी कामाला लागली त्याची यादी. एखाद्या दिवशी तो लवकर उठला तर "आज सूर्य पश्चिमेकडनं उगवला वाटतं", बाबांच्या मते हे कौतुक! आईचं उलटंच, ती त्याला क्षणभर सोडत नाही, रात्री त्याच्याच खोलीत झोपते, ताटाजवळ बसून घास मोजते, त्याला काही विचारलं की उत्तर हीच देते. भजनाला जायचं बंद केलंय.

डॉक्टर म्हणाले घरातलं एक्स्प्रेस्ड इमोशन, म्हणजे घरच्यांची टीका, चिडचिड नि अतिकाळजी, जास्त आहे, ते कमी करा, नाहीतर परत उलटेल. पण कमी करा म्हणजे करायचं काय ते कुणी सांगितलं नाही, पुढचा नंबर आला. कुणी घरच्यांनी बोलण्याचे सराव वगैरे केलेत का? बाबांना कसं सांगू? "मला काय वेडा ठरवताय" म्हणतात.

दर्यावर्दी

ताई, मी यावर बरंच वाचलंय. एक्स्प्रेस्ड इमोशन, म्हणजे ईई, जास्त असलेल्या घरात पेशंट परत आजारी पडण्याचं प्रमाण जास्त असतं हे सिद्ध झालेलं आहे, लंडनमध्ये अभ्यास झाले होते. त्यात आठवड्याला 35 तासांची मर्यादा आहे, त्यापेक्षा जास्त वेळ घरच्यांसोबत राहायचं नाही. सरळ उपाय सांगतो, त्याला सीझन संपेपर्यंत मुंबईला मामा-काकाकडे पाठवा. आणि बाबांना सांगा की एक शब्द बोलायचा नाही. खरं सांगायचं तर हा आजार अशा घरांमुळेच होतो.

वाडीतली काकू

अगो बाय, वय 24 नि उठत नाही म्हणजे डिप्रेशन असेल, माझ्या पुतण्याला असंच होतं, नोकरी लागली नि आपोआप उठायला लागला. देवळात एकदा गाऱ्हाणं घालून घ्या, गोळ्या चालू ठेवून हां, बंद नका करू. आमच्याकडे गोळ्यांवरून फार त्रास होता, शेवटी जाऊबाई आमटीत कुस्करून द्यायच्या, दोन वर्षं काढली तशी.

खाडीकाठ

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर, बरीच वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांसोबत हेच काम केलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी दर्यावर्दी, तुमचं अर्धं बरोबर आहे. 1976 च्या व्हॉन आणि लेफ यांच्या अभ्यासात 35 तासांचा आकडा आहे, पण तो समोरासमोर एका खोलीत घालवलेला वेळ, आणि तो महत्त्वाचा ठरला फक्त टीका किंवा अतिकाळजी जास्त असलेल्या घरांत. शांत घरात पेशंट दिवसभर जरी सोबत असला तरी तिथे फारसा फरक पडत नव्हता. आणि घरामुळे आजार होतो असं त्यात कुठेही नाही, मोजलं होतं ते परत उलटण्याचं प्रमाण. नातेवाईक जास्त बोलतात कारण समोरचा बदललाय, आणि त्या बोलण्याने समोरचा आणखी मिटतो, असं ते दोन्हीकडून फिरतं. मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत पाठवलं तर बोलणारं माणूस बदलेल, बाकी ताण तोच, शिवाय गोळ्यांवर लक्ष कोण ठेवणार.

आता ताई तुमच्या घराकडे. बाबा का चिडतात? त्यांना वाटतं मुलगा मनात आणेल तर उठेल. ही एक समजूत सगळ्या टीकेच्या मुळाशी असते. संशय-भास हे आजार आहेत हे घरच्यांना पटतं, पण न उठणं, न बोलणं, आंघोळ न करणं हेही त्याच आजाराचं उरलेलं अंग आहे हे पटत नाही, ते "आळस" या खात्यात जमा होतं. त्यामुळे पहिलं काम बोलण्याचं नाही, चौकशीचं. रात्रीची गोळी किती वाजता घेतो? साडेअकराला घेत असेल तर अकराला डोळा न उघडण्यात निम्मा वाटा गोळीचा असू शकतो. डॉक्टरांना विचारा, ती जेवणानंतर लवकर देता येते का. वेळ स्वतःहून बदलू नका. एवढं झालं तरी बाबांचा पारा थोडा उतरतो, कारण दोष द्यायला मुलाखेरीज दुसरं काहीतरी सापडतं.

कलमाखालची

आई झोपायच्या आधी देते, साडेअकरा-बारा होतातच, टीव्ही संपल्यावर. हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. आणि बोलण्याचं काय करायचं? बाबा गप्प बसले तरी घर शांत नसतं, भांडी आपटतात.

खाडीकाठ

म्हणूनच "एक शब्द बोलू नका" हा उपाय चालत नाही. ईई मोजतात ते शब्दांवरून कमी आणि आवाजाच्या पट्टीवरून जास्त. सूर्य पश्चिमेकडनं उगवलेलं वाक्य कागदावर निरुपद्रवी आहे, पण त्या सुरात ती टीकाच आहे, आणि सायकोसिसमधून उठलेल्या माणसाला टोमण्याचा दुसरा अर्थ लावायला फार कष्ट पडतात. भांडी आपटणं तर त्याला स्वतःबद्दलच वाटणार.

सराव चार आहेत. आवडलेलं सांगणं, विनंती करणं, ऐकणं आणि खटकलेलं सांगणं. क्रम महत्त्वाचा. सगळ्यांना शेवटचा आधी करायचा असतो, तसा केला की तो फक्त सभ्य भाषेतलं भांडण होतो.

पहिले दोन आठवडे फक्त पहिला. प्रत्येकाने, भावानेही, रोज घरातल्या कुणाची तरी एक बारीक गोष्ट पकडायची आणि त्याच्याकडे बघून सांगायची, काय केलंस ते नेमकं आणि मला कसं वाटलं ते. "शहाणा झालास" असं मोघम नको. "तू कपबशी स्वतः विसळलीस, मला बरं वाटलं." आणि इथेच पूर्णविराम! सगळी घरं इथे घसरतात. "बरं वाटलं, पण रोज केलंस तर." तो "पण" आला की आधीचं सगळं पुसलं जातं. एक वही ठेवा, कोणी कोणाला काय म्हटलं ते दोन शब्दांत लिहा.

मग विनंती. बाबांचं वाक्य घेऊ. "अकरा वाजले, अजून लोळतंस" यात मुलाने करायचं काय ते कुठेच नाही. त्याऐवजी, "उद्या नऊला चहाला खाली आलास तर मला बरं वाटेल." एकच गोष्ट, वेळ ठरलेली, आणि त्याला जमण्याएवढी लहान. सहाला बागेत फवारणीला ये ही विनंती आत्ता नको, त्यात तो हरणार आणि बाबांना पुरावा मिळणार. आढीतले तयार आंबे निवडणं, पेटीत गवत घालणं, बसून, सावलीत, अर्धा तास, असं काहीतरी शोधा. आणि त्याच्या अंथरुणाशी उभं राहून सांगायचं नाही, संध्याकाळी डोकं थंड असताना सांगायचं.

खटकलेलं सांगायचं तेव्हा, "आज मी एकटाच पेट्या भरत होतो, मला चीड आली. पुढच्या वेळी जमणार नसेल तर रात्रीच सांगशील का?" नेहमी, कधीच, लोकांची पोरं, हे तिन्ही वगळून.

हे वाचून येत नाही, तालीम करावी लागते. दोघं बोलतात, बाकीचे बघतात, आधी काय चांगलं झालं ते सांगतात, मग एक सुधारणा, आणि लगेच परत करून बघायचं. बाबा पहिल्यांदा हसतील, नाटक वाटेल, वाटू दे.

दर्यावर्दी

35 तासांचं मान्य. पण ही सगळी इंग्लंडची पद्धत, आपल्याकडे बाप मुलाला "मला बरं वाटेल" असं म्हणतो का? कृत्रिम वाटणारच.

खाडीकाठ

मुद्दा बरोबर आहे. चंदीगडला अभ्यास झाला तेव्हा तिथे जास्त ईईवाली घरं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली, आणि परत उलटण्याशी स्पष्ट संबंध दिसला तो नुसत्या टीकेपेक्षा वैरभावाचा, म्हणजे "तू असाच आहेस, नालायक" असं माणसालाच नाकारण्याचा. म्हणून शब्द तुमच्या घरचे वापरा. बाबा मालवणीत म्हणू देत, मायेचं "मेल्या" चालतं, तो फरक मुलाला बरोबर कळतो. नेमकं काम, एक विनंती, पट्टी खाली, एवढं टिकलं की झालं.

आईसाठी वेगळा सराव. त्याला प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचं आणि उत्तर द्यायचं नाही. या काळात विचार करायला वेळ लागतो, चौथ्या-पाचव्या सेकंदाला उत्तर तयार होत असतं आणि नेमकं तेव्हाच आई बोलते. भजनाला आठवड्यातून एक दिवस परत जाऊ दे, त्या वेळात घरात तुम्ही किंवा बाबा. खोलीत झोपणं एकदम तोडू नका, आधी दाराबाहेर, मग शेजारच्या खोलीत.

काकू, आमटीतल्या गोळीचं मी टाळायला सांगेन. या मुलाचा संशयच जेवणात काहीतरी घालतात असा होता. एकदा कळलं तर तो संशय खरा ठरेल, मग जेवणही बंद.

वाडीतली काकू

ते तुम्ही म्हणताय ते खरं असेल, पण आमचा माणूस गोळी बघितली की ताट भिरकावायचा, तेव्हा काय केलं असतं? जाऊबाईंमुळे तो जिवंत आहे. प्रत्येकाने आपापलं घर बघून ठरवावं.

खाडीकाठ

अशा घरात महिन्याला एकदा द्यायच्या लांब मुदतीच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं, माणसाला सांगून. पण हो, त्या रात्री त्या दारात मी नव्हतो.

कलमाखालची

गोळीची वेळ डॉक्टरांनी साडेआठ करून दिली. आता साधारण साडेनऊला जागा असतो. वही सुरू केली, बाबा लिहीत नाहीत, पण परवा आढी लावताना म्हणाले, "हय बस, देठ वर ठेव, बरा करतंस." आणि पुढे काही नाही. मी श्वास रोखून "पण"ची वाट बघत होते. भाऊ पाऊण तास बसला. दुसऱ्या दिवशी मात्र परत लोकांची पोरं.

दोन प्रश्न. हे बरोबर चाललंय हे ओळखायचं कशावरून? आणि बाजूचे काका ओटीवर येऊन "काय, बरा झालो काय, कामाक कधी लागतलो?" विचारतात त्यांचं काय करायचं? बाबांचा सगळा राग ते गेल्यावर मुलावर निघतो.

खाडीकाठ

टोमणे शून्य होणार नाहीत, ते बघू नका. भाऊ तुमच्यात किती वेळ बसतो ते बघा. बाबा आले की उठून आत जातो का, की बसून राहतो. आठवडाभर वहीत तेवढंच लिहा. महिन्याभरात तो वेळ वाढला नाही तर सोशल वर्करसोबत समोर बसून तालीम हवी, अशा बैठका साधारण दहा तरी लागतात, तीन महिने ते वर्षभरात विभागून. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात चौकशी करा. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. बाबांना "तुमच्यावर किती भार पडलाय ते सांगायला चला" असं म्हणून न्या, ते खोटंही नाही.

एक मात्र, दोन-तीन रात्री झोप गेली, खिडक्या लावून घेऊ लागला, ताट हुंगायला लागला, तर सराव बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

काकांसाठी घरात एकच उत्तर ठरवा, सगळ्यांनी तेच द्यायचं, आणि ते ठरवताना भावाला विचारा, त्याच्याबद्दल बाहेर काय सांगितलेलं त्याला चालेल.

कलमाखालची

विचारलं. मी मनात सातपर्यंत मोजलं तेव्हा म्हणाला, "तब्येत बरी नव्हती, औषध चालू आहे, एवढंच सांगा." आईला ते फार उघडं वाटतंय, "ताप होता म्हणूया" म्हणते. रविवारी सगळे बसणार आहोत, काकांचं सोंग मी घेणार आहे.